'शकलो' म्हणजे नेहमी 'कुड' नव्हे: भूतकाळातील क्षमता आणि साधलेले काम इंग्रजीत कसे सांगावे

काही वर्षांपूर्वी मी एका तांत्रिक बिघाडाचा अहवाल इंग्रजीत लिहिला होता. आदल्या दिवशी आमच्या गटाने दुपारभर खपून तो बिघाड दूर केला होता, म्हणून मी मोठ्या समाधानाने लिहिले, 'वी कुड फिक्स द फॉल्ट यस्टरडे.' तासाभरात इंग्रजी मातृभाषा असलेल्या एका सहकाऱ्याचे एका ओळीचे उत्तर आले: बिघाड दूर झाला आहे की नाही? सुरुवातीला मला तो खवचटपणा वाटला. परंतु त्याने वाक्य नीटच वाचले होते. बिघाड दूर करण्याची शक्यता किंवा क्षमता आमच्याकडे होती, एवढेच त्या वाक्यातून त्याला कळले होते. काम प्रत्यक्षात झाले, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या वाक्यात आलीच नव्हती.

ही चूक कोठून येते ते शोधणे अवघड नाही. आपण 'कॅन' म्हणजे 'शकतो' आणि 'कुड' म्हणजे 'शकलो' अशी जोडी पाठ केलेली असते. यातील पहिली जोडी बरोबर आहे, पण दुसरी अर्धीच बरोबर आहे. 'कुड' हे 'कॅन'चे भूतकाळी रूप आहे खरे, पण होकारार्थी वाक्यात ते 'शकत असे' किंवा 'शकत होतो' या रूपांशी जुळते, 'शकलो' या रूपाशी नाही. शिवाय तेच 'कुड' आज-उद्याच्या शक्यतेसाठीही सतत वापरले जाते: 'वी कुड गो टुमॉरो', म्हणजे 'हवे तर उद्या जाता येईल'. त्यामुळे नुसते 'कुड' ऐकल्यावर इंग्रजी कानाला घडून गेलेली गोष्ट नव्हे, तर शक्यता ऐकू येते.

या लेखात वारंवार येणारे साचे एकदा त्यांच्या नेमक्या वर्णलेखनासह पाहून घ्यावेत. त्यांत V1 म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप आणि V3 म्हणजे त्याचे तिसरे रूप. पुढील सर्व उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

```
could + V1
was / were able to + V1
managed to + V1
could have + V3
```

पहिली पायरी: मराठी क्रियापदाचा शेवट पाहावा

इंग्रजी व्याकरणाची पुस्तके येथे 'सर्वसाधारण क्षमता' आणि 'विशिष्ट प्रसंगातील यश' असा भेद समजावून सांगतात. हा भेद मराठी माणसाला नव्याने शिकण्याची गरज नसते, कारण आपले क्रियापद तो आधीच दाखवत असते. 'लहानपणी मला पोहता येत असे', 'तेव्हा मला पोहता येत होते', 'मी तासन्‌तास पोहू शकत असे' या तिन्ही वाक्यांत अंगी असलेली कला किंवा ताकद सांगितली आहे. ती कोणत्या दिवशी वापरली, किंबहुना वापरली की नाही, याविषयी वाक्य काहीच म्हणत नाही. याउलट 'त्या दिवशी मला नदी पार करता आली' किंवा 'मी नदी पार करू शकलो' असे म्हटले की माणूस पलीकडच्या काठावर पोहोचलेला असतो.

खात्री करून घ्यायची असेल, तर वाक्याच्या शेवटी 'पण केले नाही' अशा अर्थाची पुस्ती जोडून पाहावी. 'मला पोहता येत होते, पण त्या उन्हाळ्यात मी एकदाही पोहलो नाही' हे वाक्य सुसंगत आहे. 'मी नदी पार करू शकलो, पण केली नाही' हे मात्र कानाला लगेच खटकते, कारण पुस्तीने आधीचे विधानच खोडून टाकले आहे. पुस्ती पचली तर इंग्रजीत 'कुड' घ्यावे: 'आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव्ह.' पुस्ती पचली नाही तर 'कुड' बाजूला ठेवून 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' यांच्याकडे वळावे: 'आय वॉज एबल टू क्रॉस द रिव्हर.'

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ती अनेकांना उलटी समजलेली असते. 'वॉज एबल टू' हे केवळ एकेका प्रसंगासाठी राखीव नाही. 'शी वॉज एबल टू रीड अ‍ॅट फोर' हे 'शी कुड रीड अ‍ॅट फोर' इतकेच शुद्ध आहे. फक्त थोडे अधिक औपचारिक वाटते. म्हणजे बंधन एकाच बाजूने आहे: सर्वसाधारण क्षमतेसाठी दोन्ही रूपे चालतात, परंतु एका प्रसंगातील यशासाठी होकारार्थी 'कुड' चालत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा 'वॉज एबल टू' लिहिल्यास फार तर वाक्य थोडे जड होते, पण अर्थ बिघडत नाही.

यश एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा मिळत असेल, तर पुन्हा 'कुड' योग्य ठरते. 'त्या दिवशी धावलो म्हणून गाडी पकडू शकलो' यासाठी 'कुड' चुकीचे आहे. पण 'जेव्हा जेव्हा लवकर निघत असे, तेव्हा गाडी पकडू शकत असे' यासाठी 'व्हेनेव्हर आय लेफ्ट अर्ली, आय कुड कॅच द ट्रेन' अगदी योग्य आहे. येथेही मराठीने 'शकलो' सोडून 'शकत असे' घेतले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

दुसरी पायरी: वाक्यात नकार आहे का ते पाहावे

नकार आला की वरचा सगळा जाच संपतो. 'मी नदी पार करू शकलो नाही' आणि 'मी नदी पार करू शकत नव्हतो' या दोहोंसाठी 'आय कुडंट क्रॉस द रिव्हर' चालते. याचे कारण साधे आहे. क्षमता होती एवढ्याने काम झालेच असे ठरत नाही, म्हणून होकारात संदिग्धता राहते. पण क्षमता नव्हती म्हटल्यावर काम झाले नाही हे आपोआपच ठरते, म्हणून नकारात संदिग्धतेला जागा उरत नाही. 'वॉजंट एबल टू' हेही शुद्ध आहे, पण बोलताना लोक बहुधा 'कुडंट' म्हणतात.

'डिडंट मॅनेज टू' मात्र वेगळे काहीतरी सांगते. 'आय कुडंट ओपन द विंडो' यात खिडकीला हात लावण्यापूर्वीच ती उघडणार नाही हे माहीत असू शकते. 'आय डिडंट मॅनेज टू ओपन द विंडो' म्हटले की खटपट केली होती आणि ती फुकट गेली, असे ऐकणारा समजतो.

पूर्ण नकार नसून नकाराच्या जवळ जाणारे शब्द असले, तरी 'कुड'ला मोकळीक मिळते. 'हार्डली', 'बेअरली' आणि 'ओन्ली' हे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. 'तिला जेमतेम उभे राहता आले' यासाठी 'शी कुड बेअरली स्टँड' आणि 'मला दोनच तिकिटे मिळवता आली' यासाठी 'आय कुड ओन्ली गेट टू टिकिट्स' ही वाक्ये एकाच प्रसंगाविषयी असूनही शुद्ध आहेत. मराठीत या दोन्ही ठिकाणी 'आले', 'आली' असे पूर्ण झालेले रूप आहे, हे खरे. म्हणजे पहिल्या पायरीतील कसोटी येथे आपल्याला उगाच 'वॉज एबल टू'कडे ढकलते. तिकडे गेल्याने चूक होत नाही, पण 'कुड'ही तितकेच बिनधोक आहे.

तिसरी पायरी: क्रियापद पाहण्या-ऐकण्याचे आहे का

दिसणे, ऐकू येणे, वास येणे, चव लागणे, जाणवणे, तसेच समजणे आणि आठवणे या क्रियापदांबरोबर एकाच प्रसंगासाठीही 'कुड' सर्रास वापरले जाते. 'मी दार उघडले तेव्हा मला धुराचा वास येत होता' याचे सहज इंग्रजी 'आय कुड स्मेल स्मोक' असे होते. हा अपवाद म्हणून पाठ करण्याची प्रथा आहे, पण माझ्या मते त्यात अपवादासारखे फारसे काही नाही. वास येणे किंवा आवाज ऐकू येणे ही काही क्षण टिकून राहणारी स्थिती आहे. ते प्रयत्नपूर्वक पार पाडलेले काम नव्हे. मराठीनेही तिला 'येत होता' हेच चालू रूप दिले आहे. मराठीत 'मला एकदम मोठा आवाज ऐकू आला' असे पूर्ण रूप आले की इंग्रजीतही 'कुड' गळते आणि साधे 'आय हर्ड अ लाउड नॉइज' राहते.

याच ठिकाणी 'आय मॅनेज्ड टू हिअर' असे लिहिले तर अर्थ पालटतो. कान देऊन, भिंतीला डोके लावून, गोंगाटातून वाट काढत ऐकले, असा त्याचा भाव आहे. तसे खरोखरच घडले असेल तर जरूर लिहावे.

चौथी पायरी: 'वॉज एबल टू' की 'मॅनेज्ड टू'

एका प्रसंगातील यश सांगायचे हे ठरले की या दोहोंतून निवड उरते, आणि खरी नजाकत येथेच आहे. 'वॉज एबल टू' म्हटले की परिस्थिती, संधी किंवा साधन अनुकूल होते असे ध्वनित होते. 'मॅनेज्ड टू' म्हटले की ते अनुकूल नव्हते, तरीही काम साधले असे कळते. बैठक लवकर संपली म्हणून शेवटची गाडी मिळाली असेल, तर 'द मीटिंग एंडेड अर्ली, सो आय वॉज एबल टू कॅच द लास्ट ट्रेन' हे योग्य. बैठक लांबली, जिना धावत उतरावा लागला आणि दार बंद होता होता आत शिरलो, असे असेल तर 'आय जस्ट मॅनेज्ड टू कॅच द लास्ट ट्रेन' हे योग्य. मराठीत ज्या वाक्यात 'कसेबसे', 'अखेर', 'महत्प्रयासाने', 'शेवटी एकदाचे' यांपैकी काही सहज बसते, तेथे 'मॅनेज्ड टू' घालण्यास हरकत नसते.

'मॅनेज'चा दुसरा गुण म्हणजे त्यात पळवाट नाही. 'मॅनेज्ड टू ओपन' म्हटल्यावर 'पण उघडले नाही' असे पुढे म्हणताच येत नाही. अशा क्रियापदांचा बारकाईने अभ्यास भाषाशास्त्रज्ञ लॉरी कार्टुनेन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. त्यांनी दाखवून दिले की 'मॅनेज'च्या होकारातून कृती घडल्याचा आणि नकारातून ती न घडल्याचा निष्कर्ष अटळपणे निघतो. 'वॉज एबल टू'मध्ये हा निष्कर्ष संदर्भावर सोपवलेला असतो: विशिष्ट प्रसंग समोर असेल तर यशच समजले जाते, पण काळ मोकळा सोडला तर केवळ क्षमताही समजली जाऊ शकते. म्हणून काम झाले आहे हे निःसंदिग्धपणे नोंदवायचे असेल, तर 'वॉज एबल टू'बरोबर वेळेचा किंवा प्रसंगाचा उल्लेख करावा.

'मॅनेज्ड टू' वापरताना एक सावधगिरी बाळगावी लागते. या शब्दात अडचणीचा उल्लेख गृहीत असल्याने तो दुसऱ्याबद्दल वापरला की टोमणा ठरू शकतो. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलीला 'यू मॅनेज्ड टू पास' असे म्हटले, तर 'झालीस बाई एकदाची' असा त्याचा सूर लागतो. समारंभाला आलेल्या पाहुण्याला 'आय अ‍ॅम ग्लॅड यू कुड कम' म्हणणे सौजन्याचे आहे. तेथे 'मॅनेज्ड टू' घातले तर वाट पाहायला लावल्याची तक्रार डोकावू शकते. (या वाक्यातील 'कुड' गौण वाक्यात आले आहे, आणि तशा जागी ते एका प्रसंगासाठीही चालते, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.) शिवाय इंग्रजीत हा शब्द उपरोधानेही वापरतात: 'ही मॅनेज्ड टू लूज हिज कीज ट्वाइस इन वन डे', म्हणजे स्वारीने एकाच दिवशी दोनदा किल्ल्या हरवून दाखवल्या.

पाचवी पायरी: यांपैकी कशाचीच गरज नसेल का

मराठीत आपण 'शकलो' सढळ हाताने वापरतो. 'आम्ही काम वेळेत पूर्ण करू शकलो' हे वाक्य अनेकदा 'आम्ही काम वेळेत पूर्ण केले' याचेच नम्र रूप असते. अशा वेळी इंग्रजीत साधा भूतकाळ सर्वांत चांगला: 'वी फिनिश्ड द वर्क ऑन टाइम.' प्रत्येक 'शकलो'साठी 'वॉज एबल टू' लिहिले तर पानभर मजकुरात ते दहा वेळा येते आणि वाचणाऱ्याला वाटते की लेखकाची प्रत्येक कृती अडथळ्यांतून वाट काढत झाली आहे. माझ्या त्या अहवालातही 'वी फिक्स्ड द फॉल्ट यस्टरडे' हे पाच शब्दांचे वाक्य पुरेसे होते. खपलेली दुपार वाचणाऱ्याला कळण्याची गरज नव्हती.

रूपे जुळवताना होणाऱ्या चुका

आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येणारी चूक म्हणजे 'आय कुड एबल टू'. 'एबल' हे विशेषण आहे, त्यामुळे त्याच्या आधी 'वॉज' किंवा 'वर' लागतेच, आणि 'कुड'चा अर्थ 'एबल'मध्येच आलेला असल्याने दोन्ही एकत्र येऊ शकत नाहीत. 'आय डिडंट एबल टू' हीदेखील त्याच जातीची चूक. तेथे 'वॉजंट एबल टू' हवे. 'टू'नंतर मूळ रूप येते, म्हणून 'वॉज एबल टू कॉट' नव्हे, 'वॉज एबल टू कॅच'. भूतकाळ 'वॉज'ने दाखवून झाला आहे.

'कुड हॅव' हे चौथ्या साच्यातील रूप 'शकलो असतो' यासाठी आहे: 'आय कुड हॅव कॉट द ट्रेन', म्हणजे पकडता आली असती, पण पकडली नाही. झालेल्या कामाच्या जागी हे रूप घातले तर नेमका उलटा अर्थ होतो. प्रश्नातही जपावे. 'कुड यू ओपन द फाइल?' ही उघडण्याची विनंती वाटते. काल ती उघडली का हे विचारायचे असेल तर 'वर यू एबल टू ओपन द फाइल?' किंवा 'डिड यू मॅनेज टू ओपन द फाइल?' असे विचारावे.

एक उतारा शेवटपर्यंत लावून पाहू

पुढील उताऱ्यात 'शकणे', 'येणे' आणि त्यांची वेगवेगळी रूपे एकामागून एक आली आहेत.

'विद्यार्थी असताना मी रात्रभर जागू शकत असे. अहवालाच्या आदल्या रात्री दोन वाजता लॅपटॉप बंद पडला. आतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता, पण पडदा काळाच होता. मी तो चालू करू शकलो नाही. शेजारच्या खोलीतील मित्राने बॅटरी काढून पुन्हा बसवली आणि चौथ्या प्रयत्नात तो चालू करू शकला. नव्या मजकुरातील दोनच पाने मला परत मिळवता आली. मूळ प्रत मात्र पेनड्राइव्हवर होती, त्यामुळे सकाळी अहवाल देऊ शकलो.'

पहिल्या वाक्यात 'शकत असे' आहे आणि 'पण त्या वर्षी कधी जागलो नाही' ही पुस्ती त्याला पचते. म्हणून 'आय कुड स्टे अप ऑल नाइट'. पंख्याच्या आवाजाला 'येत होता' हे चालू रूप आहे आणि क्रियापद ऐकण्याचे आहे. म्हणून 'आय कुड हिअर द फॅन'. 'चालू करू शकलो नाही' यात नकार असल्याने 'आय कुडंट स्टार्ट इट' बिनधोक आहे. बराच वेळ बटणे दाबून पाहिली हे सांगायचे असेल, तर 'आय डिडंट मॅनेज टू स्टार्ट इट' असेही लिहिता येईल, पण पुढच्याच वाक्यात मित्रासाठी 'मॅनेज' लागणार असल्याने मी ते येथे खर्च करणार नाही.

मित्राचे वाक्य या उताऱ्याचा गाभा आहे. 'शकला' हे पूर्ण रूप आहे, प्रसंग एकच आहे, आणि 'चौथ्या प्रयत्नात' या शब्दांनी खटपट उघड केली आहे. 'ही कुड स्टार्ट इट ऑन द फोर्थ ट्राय' असे लिहिले तर इंग्रजी वाचक अडखळतो: लॅपटॉप सुरू झाला, की सुरू होऊ शकेल असे म्हणायचे आहे? 'ही वॉज एबल टू स्टार्ट इट' लिहिले तर अर्थ बरोबर पोहोचतो, पण तीन फसलेल्या प्रयत्नांचा ताण हरवतो. म्हणून 'ही मॅनेज्ड टू स्टार्ट इट ऑन द फोर्थ ट्राय'.

'दोनच पाने' यातील 'च' म्हणजे 'ओन्ली', त्यामुळे 'आय कुड ओन्ली रिकव्हर टू पेजेस' चालते. हाच 'च' काढून 'दोन पाने परत मिळवता आली' असे वाक्य केले, तर 'कुड'ची मोकळीक संपते आणि 'आय वॉज एबल टू रिकव्हर टू पेजेस' लिहावे लागते. एका अक्षराने क्रियापद बदलते, ते असे.

शेवटच्या 'देऊ शकलो'कडे मात्र थोडे थांबून पाहावे. मूळ प्रत हाताशी होती, म्हणजे परिस्थितीने साथ दिली. त्यामुळे 'मॅनेज्ड टू' येथे अतिशयोक्ती होईल. 'सो आय वॉज एबल टू सबमिट द रिपोर्ट इन द मॉर्निंग' हे चपखल आहे, कारण पेनड्राइव्हमुळे मिळालेली संधी त्यातून दिसते. पेनड्राइव्हचा उल्लेख गाळला असता, तर 'आय सबमिटेड द रिपोर्ट इन द मॉर्निंग' एवढेच मी लिहिले असते.